शुक्रवारचे सव्वीस तुकडे

२७ सप्टेंबर, शनिवार. सर्व्हर रूमची सफाई, दसऱ्याआधी. पंख्यांच्या जाळ्या, केबलींना लेबलं, डिस्कवरची अडगळ.

डायरीत त्या तारखेखाली एवढंच आहे. सकाळी घरातून निघताना लिहिलं होतं. नंतर दिवसभर वेळ मिळाला नाही, आणि जे झालं ते लिहून ठेवलं नाही तरी विसरणार नव्हते.

मी ठाण्यात, कोलशेतच्या बाजूला एका रक्तपेढीत डेटाबेस सांभाळते. पिशवी कधी आली, गट कोणता, तपासण्यांत काय निघालं, कोणाला दिली, हे सगळं ज्यात साठतं ते माझ्या ताब्यात. प्रत्यक्ष रक्ताशी माझा संबंध नाही. सुई दिसली तर मी दुसरीकडे बघते.

खंडेनवमीला आमच्याकडे सर्व्हरच्या रॅकला झेंडूचा हार घालतात. पूजेआधी साफसफाई आलीच. आधी ती फक्त धुळीची असायची. मग कधीतरी कोणीतरी म्हणालं, बाहेरची धूळ काढता तर आतलीही काढा. तेव्हापासून नवरात्रातल्या शनिवारी डिस्कवरच्या जुन्या फायली उडवायच्या, चाचणीसाठी ठेवलेल्या डेटाबेसमधला खोटा डेटा रिकामा करायचा, असा प्रघात पडला. कागदावर यादी असते आणि एकेक काम झालं की खूण करायची. यादी मीच केलेली.

त्या दिवशी डिस्कचं काम माझ्या सहकाऱ्याकडे होतं. तो मशीन आणि नेटवर्क बघतो. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, कोलशेत गावातलाच. आजोबा मिठागरावर कामाला होते. त्यांच्या जमिनीवर आता सोसायटी आहे आणि तिच्यात याचे तीन फ्लॅट. नोकरीची गरज नाही, तरी माझ्या आधी येतो. मी जाळ्या काढून त्यावर ब्रश मारत होते, तो माझ्याकडे पाठ करून दोन खिडक्या उघडून काम करत होता. एका खिडकीत चाचणीचा डेटाबेस, दुसरीत खरा.

सव्वाअकराला लॅबमधली टेक्निशियन दारात आली. त्या दिवसाचा रंग राखाडी, म्हणून राखाडी कुर्ता, वर पांढरा एप्रन.

"मॅडम, जास्तीच्या तपासणीचं पान रिकामं येतंय."

"रिफ्रेश कर."

"तीनदा केलं. एकही ओळ नाही. जुन्यापण नाहीत."

माझ्या सहकाऱ्याचा हात कीबोर्डवरून उठला आणि हवेत तसाच राहिला. मी त्याच्या खांद्यावरून स्क्रीन बघितली. टेबल, म्हणजे डेटाबेसमधला नोंदींचा तक्ता, रिकामं करायची एक ओळ होती, खाली वेळ अकरा वाजून पाच मिनिटं, आणि खिडकीच्या कपाळावर खऱ्या सर्व्हरचं नाव.

"मॅडम," तो म्हणाला, "मी चुकीच्या खिडकीत केलं."

"दिसतंय. आता कशालाही हात लावू नकोस."

मी त्याला ओरडले नाही. ओरडून ओळी परत येत नाहीत, आणि माझ्या हातात ब्रश होता.

जास्तीची तपासणी म्हणजे काय ते सांगायला हवं. प्रत्येक पिशवीचा गट आणि आजारांच्या तपासण्या कायद्याने कराव्याच लागतात. त्या वेगळ्या टेबलात आणि रजिस्टरातही असतात, त्यांना धक्का लागला नव्हता. पण ज्या मुलांना जन्मभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्यांच्यातल्या काहींचं शरीर पुढे पुढे नुसता गट जुळून ऐकत नाही. परक्या पेशींवरच्या आणखी खुणा ओळखायला लागतं आणि त्यांच्याविरुद्ध उभं राहतं. अशा मुलांसाठी आमच्या डॉक्टरांनी स्वतःहून काही पिशव्यांच्या आणखी खुणा तपासायला सुरुवात केली होती. ते सक्तीचं नसल्यामुळे त्याचं रजिस्टर नव्हतं. टेक्निशियन तपासायची आणि थेट कॉम्प्युटरवर टाकायची. ते टेबल रिकामं झालं होतं.

अशा मुलांपैकी त्या दिवशी एक मुलगी होती. कल्याणची, नऊ वर्षांची. तिला दोन खुणा चालत नव्हत्या, आणि दोन्ही नसलेली पिशवी मोजक्या वेळेलाच निघते. गुरुवारी टेंभी नाक्यावरच्या शिबिरातून तिच्या गटाच्या चाळीस पिशव्या आल्या होत्या. शुक्रवारी दिवसभरात टेक्निशियनने त्या चाळीसही तपासल्या. रविवारी सकाळी मुलीला रक्त चढवायचं होतं. आणि शनिवारी साडेअकराला तिचे वडील डॉक्टरांची चिठ्ठी, तिच्या रक्ताची नळी आणि थर्मासची पेटी घेऊन बाहेर बाकावर बसले होते.

डॉक्टर खाली आल्या. साठीच्या आहेत, पुण्यात शिकलेल्या. बोलताना एकही शब्द वाया घालवत नाहीत.

"काल चालण्यासारखी पिशवी निघाली होती ना?" त्यांनी टेक्निशियनला विचारलं.

"एक निघालेली, डॉक्टर. नंबरच्या शेवटी सात होता असं वाटतंय."

"वाटतंय यावर आपण रक्त देत नाही."

"नाही, म्हणजे बहुतेक सातच."

"बहुतेकवरही नाही. चाळीस पुन्हा तपास."

"सीरम नाही तेवढं," टेक्निशियन म्हणाली. खुणा तपासायला बाटलीतलं जे सीरम लागतं ते संपत आलं होतं. "ताणून वीस पिशव्या होतील. नवीन बाटल्या मंगळवारी येणार."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "तू किती परत आणू शकतेस?"

"सगळं," मी म्हणाले. "अकरा वाजून चार मिनिटांपर्यंतचं."

आणि मला तसंच वाटत होतं. दर गुरुवारी पहाटे मी अख्ख्या डेटाबेसची एक प्रत घेते. त्यानंतर डेटाबेसमध्ये जो जो बदल होतो तो तो क्रमाने एका लॉगमध्ये लिहिला जातो. लॉगचे सारख्या आकाराचे तुकडे पडतात, आमच्याकडे साधारण पंधरा मिनिटांना एक. प्रत्येक तुकडा भरला की त्याची नक्कल डोंबिवलीला, एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या ऑफिसातल्या मशीनवर जाते. ठाण्यातलं सगळं जळून गेलं तरी डोंबिवलीत राहावं म्हणून. परत आणायची वेळ आली की गुरुवारची प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवायची, तिच्यावर तुकडे एकामागून एक लावत जायचे आणि चूक होण्याच्या आधीच्या मिनिटाला थांबायचं. खऱ्या डेटाबेसला हात लावायचा नाही. तिथे पेढीचं काम चालू असतं. परत आणलेल्या मशीनवरून फक्त हवं ते टेबल उचलून आणायचं.

कल्याणच्या साठवण केंद्रात आमची एक समांतर चालणारी प्रतही आहे. सहकाऱ्याने तिची आठवण काढली.

"ती ठाण्याच्या मागोमाग चालते रे," मी म्हणाले. "इथे पुसलं त्याच सेकंदाला तिथेही पुसलं गेलं."

रिकाम्या मशीनवर गुरुवारची प्रत उतरवायला सव्वा तास लागला. मी थांबायची वेळ लिहिली, ११:०४, आणि सुरू केलं. तुकडे लागत गेले. गुरुवारचा दिवस गेला. प्रत घेत असताना झालेले बदलही जुळून आल्याची ओळ स्क्रीनवर आली. गुरुवारची रात्र गेली. शुक्रवारची सकाळ. आणि मग थांबलं. पुढचा तुकडा मिळाला नाही, ठरवलेल्या वेळेपर्यंत पोहोचता आलं नाही, असं सांगून डेटाबेस बंद पडला.

शेवटचा लागलेला व्यवहार शुक्रवारी दहाला पाच मिनिटं कमी असतानाचा होता.

मी डोंबिवलीच्या मशीनवरची यादी उघडली. तुकड्यांना क्रमाने नंबर असतात. शुक्रवारी दहाच्या सुमारापर्यंत सगळे होते, संध्याकाळी साडेचारनंतरचे सगळे होते, मधले सव्वीस नव्हते.

शुक्रवार, दहा ते साडेचार. मी खुर्चीत मागे टेकले. मला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमच्या बाजूला शुक्रवारी देखभालीसाठी लाइट जाते. नेमाने. डोंबिवलीचं मशीन बंद, तुकडा पोहोचत नाही, की ठाण्याचा सर्व्हर तक्रार करतो आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा पाठवतो. तोपर्यंत मूळ तुकडा स्वतःकडे धरून ठेवतो. ही त्याची चांगली सवय. पण दर तक्रारीला मला मेल यायचा. शुक्रवारी माझा फोन दिवसभर थरथरायचा. तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी वैतागून मी पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये चार ओळी टाकल्या: डोंबिवली लागत नसेल तर तुकडा इथल्याच एका फोल्डरमध्ये ठेव आणि 'झालं' असं सांग. 'झालं' ऐकलं की सर्व्हर मूळ तुकडा सोडून देतो, ती जागा नव्या तुकड्यासाठी वापरतो. म्हणजे त्या वेळेपुरती जगातली एकुलती एक नक्कल त्या फोल्डरमध्ये. ती शनिवारी सकाळी सहकाऱ्याने हाताने डोंबिवलीला पाठवायची. तो तीन वर्षं न चुकता पाठवत होता.

फोल्डरचं नाव मी 'टेम्प' ठेवलं होतं.

"आज सकाळी पाठवलेस का शुक्रवारचे?" मी विचारलं.

"सुरू केलेलं. मग जाळ्या काढायला तुम्ही हाक मारलीत, म्हणून..." त्याने यादीचा कागद उचलला. यादीत तिसरं काम: टेम्प नावाची सगळी फोल्डरं रिकामी करणे. समोर त्याची खूण. "मला वाटलं गेले सगळे. लाइन स्लो होती, मी बंद केलं वाटतं."

"वाटतं?"

"केलं, मॅडम. बंद केलं. मग यादी घेतली."

यादी माझी. फोल्डरचं नाव माझं. 'झालं' म्हणणारी ओळ माझी. हाक मारणारी मी. त्याने फक्त खूण केली होती.

"बरं," मी म्हणाले. "चहा सांग. बिनसाखरेचा."

डॉक्टर पुन्हा आल्या. मी सांगितलं, शुक्रवारी दहाला पाच कमी. तिथपर्यंतचं नक्की मिळेल.

"म्हणजे चाळिसातल्या किती?"

"एकही नाही," टेक्निशियन दारातून म्हणाली. "मी सव्वादहाला बसले काल."

"पण संध्याकाळनंतरचे तुकडे आहेत म्हणालीस ना?" डॉक्टरांनी मला विचारलं. "तेवढे लाव. मधले जाऊ देत."

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि चूक नाही त्यांची. मी म्हणाले, "तुकड्यात पूर्ण माहिती नसते, डॉक्टर. त्यात असतं, अमक्या पानावर तमक्या जागी हे बदला. मधल्या तुकड्यांत ते पान पूर्ण वेगळं झालेलं असेल, तर पुढची सूचना चुकीच्या जागी बसेल. म्हणून तो मधला एकही तुकडा ओलांडत नाही. मलाही ओलांडू देत नाही."

"बरोबर करतो," डॉक्टर म्हणाल्या. "आम्हीही देत नाही."

बाहेर बाकावर मुलीचे वडील होते. मी चहाचा कप घेऊन बाहेर गेले, कारण आत गरम होत होतं. ते उठून उभे राहिले.

"मॅडम, टाइम लागेल का? मी सकाळीच आलेलो."

"लागेल."

"गेल्या टायमाला दोन दिवस पुढे ढकललेलं. ती जिना चढताना मध्येच बसते हो. शाळा तिसऱ्या माळ्यावर."

"पिशवी आहे. ती कुठली ते शोधतोय," मी म्हणाले. ते खरं होतं.

"इथेच बसतो मग," ते म्हणाले आणि पेटीवर हात ठेवून बसले.

परत आले तेव्हा मी एक गोष्ट बदलली. पहिल्यांदा डेटाबेस तुकडा न मिळाल्यावर बंद पडला होता. आता त्याला समांतर प्रतीसारखं उभं केलं. म्हणजे तो सव्वीस तुकड्यांच्या खिंडारापाशी येऊन थांबतो, पुढचा तुकडा येतो का ते दर काही सेकंदांनी बघत राहतो आणि तोपर्यंत फक्त वाचायला देतो. घाईने उघडून लिहायला मोकळा करायचा नाही. एकदा तसा उघडला की मग तुकडा सापडला तरी लावता येत नाही, सगळं गुरुवारच्या प्रतीपासून पुन्हा. आधी एकदा, दुसऱ्या नोकरीत, मी ते केलं होतं.

मग शोध. ठाण्याच्या सर्व्हरवर मूळ तुकड्यांच्या जागा कधीच वापरून झाल्या होत्या. कल्याणच्या प्रतीवर मात्र अलीकडचे तुकडे बऱ्यापैकी धरून ठेवायची सोय होती. सहकाऱ्याने तिथली यादी काढली आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली.

"मॅडम, दहा मिळाले."

"कुठले दहा?"

त्याने नंबर वाचले. शुक्रवारी दोन ते साडेचारचे. खिंडाराची पलीकडची कड. त्याचा चेहरा उतरला, कारण वाचता वाचता त्यालाही कळलं.

"हे लागणार नाहीत ना?"

"अलीकडून हवेत. पलीकडचे दहा काय, पंधरा असते तरी तेच."

"मग काय करू?"

"सकाळी तू जे पाठवायला सुरुवात केलीस, ते नंबराने पाठवतोस की कसं?"

"नंबरानेच. पहिल्यापासून."

"आणि डोंबिवलीत कुठे उतरतं?"

त्याने लगेच डोंबिवलीचं मशीन उघडलं. हाताने पाठवलेलं डोंबिवलीच्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये उतरतं, आणि सगळं आलं की मग शेवटी एकदम मुख्य जागी हलवतात. हा नियमही माझाच. या एकाने तरी काम केलं. मी मघाशी फक्त मुख्य जागा बघितली होती.

त्या फोल्डरमध्ये पाच पूर्ण तुकडे होते आणि सहावा अर्धा.

पाचही ठाण्याला आणून ठेवले. डेटाबेसने काही सेकंदांत पहिला उचलला. नंतर दुसरा. पाचवा लागल्यावर पुन्हा थांबला. शेवटचा पूर्ण झालेला व्यवहार: शुक्रवार, अकरा वाजून बारा मिनिटं. मी टेबल वाचलं. चाळिसातल्या अठरा पिशव्या आल्या होत्या.

"यातली चालणारी?" डॉक्टर माझ्या मागे उभ्या होत्या.

टेक्निशियनने बोटाने एकेक ओळ बघितली. "एकही नाही. या अठरा बाद."

"बाद झालेल्यांना पुन्हा तपासायची गरज नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उरल्या बावीस. सीरम वीसचं."

"ताणून वीसचं," टेक्निशियन म्हणाली. "आणि जी निघेल ती नक्की करायला अजून एकदा लागेल."

म्हणजे एकोणीस. तीन पिशव्यांचा फरक. तीन न तपासता सोडल्या आणि नेमकी त्यांत असली, तर मंगळवारपर्यंत थांबा.

राहिला होता तो अर्धा तुकडा. डेटाबेस तुकड्याचा आकार बघतो. कमी भरला तर हात लावत नाही. पण नक्कल करताना फाइल सुरुवातीपासून उतरते, म्हणजे पहिला अर्धा भाग अस्सल होता. त्यातली प्रत्येक नोंद स्वतःची पडताळणी सोबत घेऊन असते. पडताळणी जुळली नाही की डेटाबेस तिथेच थांबतो, पुढचं कितीही असो. मी अर्ध्या तुकड्याची एक वेगळी नक्कल केली आणि उरलेल्या जागेत शून्यं भरून आकार पूर्ण केला.

"हे चालतं?" सहकाऱ्याने विचारलं.

"खोटं काही भरत नाही आपण. रिकामं भरतो. खरं जिथे संपेल तिथे तो थांबेल. थांबला नाही तर आपण थांबवू."

फाइल जागेवर ठेवली. काही सेकंद काही झालं नाही. मग स्क्रीनवर तुकडा उचलल्याची ओळ आली, आणि लगेच खालची ओळ: यापुढची नोंद वैध नाही. तिथे थांबला.

मी डेटाबेसला शेवटच्या व्यवहाराची वेळ विचारली. अकरा वाजून वीस मिनिटं. मधे जे व्यवहार सुरू होऊन पूर्ण झाले नव्हते ते आपोआप बाजूला पडले होते, जे पूर्ण झाले ते पूर्ण होते. शुक्रवारच्या दिवसातली यापेक्षा पुढची जागा आम्हाला मिळणार नव्हती. सहाव्याचा उरलेला भाग आणि त्यापुढचे दहा तुकडे कुठेच नव्हते.

टेबलात तेवीस पिशव्या.

टेक्निशियनने नव्या पाच ओळी वाचल्या. "याही बाद."

"उरल्या सतरा," डॉक्टर म्हणाल्या. "बस कामाला. उपास आहे का तुझा?"

"आहे."

"खिचडी खाऊन घे आधी. हात थरथरलेला चालणार नाही मला."

मी मोजून बघितलं. तेवीसच्या तेवीस ओळी, शुक्रवारच्या आधीच्या सगळ्या जुन्या ओळी, शिबिराच्या यादीशी नंबर जुळतात का, एकच पिशवी दोनदा आली आहे का. मग टेबल उचललं, खऱ्या डेटाबेसमध्ये आधी एका बाजूच्या टेबलात ठेवलं आणि तपासून झाल्यावर मुख्य टेबलात. प्रत्येक पायरी सहकाऱ्याला मोठ्याने वाचायला लावली, आणि दुसरी खिडकी बंद करायला सांगणार होते. त्याने ती न सांगताच केली होती.

"मॅडम, राजीनामा लिहू का?" त्याने मध्येच विचारलं.

"फ्लॅटची भाडी जमा करत बसायचंय का दिवसभर?"

"तसं नाही."

"मग वाच पुढची ओळ."

पाच वाजता चाळीसपैकी तेवीस पिशव्यांच्या आणि सगळ्या जुन्या साठ्याच्या नोंदी जागेवर होत्या. शुक्रवारी अकरा वीसनंतर त्या टेबलात जे काही टाकलं होतं ते गेलं होतं. त्याची यादी मी केली: या सतरा पिशव्या, शिवाय दुपारी आलेल्या दुसऱ्या गटांच्या नऊ. त्या नऊंच्या पुढे 'तपासलेली नाही' असं लिहिलं. नोंद नसणं आणि तपास नसणं यांत फरक आहे, पण पिशवी देणाऱ्याला तो दिसत नाही. म्हणून सरळ 'नाही'.

लॅबमध्ये टेक्निशियन सतरा नळ्या लावून बसली होती. मी आत गेले नाही. काचेतून बघितलं. डॉक्टर तिच्या शेजारी उभ्या राहून वहीत हाताने लिहीत होत्या. ती वही त्या दिवशीच आणली होती, समोरच्या दुकानातून.

बाराव्या नळीला टेक्निशियनने मान वर केली. डॉक्टरांनी ती नळी उजेडात धरली, पुन्हा करायला सांगितलं, पुन्हा तेच आलं. मग मुलीच्या नळीशी जुळवून बघितलं. त्याला तास लागला. सव्वासातला डॉक्टर स्वतः बाहेर बाकाशी गेल्या.

"उद्या आठ वाजता या. पिशवी ठेवली आहे तुमच्या नावाने."

वडिलांनी पेटी उचलली. "म्हणजे सापडली?"

"सापडली."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि एवढं बोलून गेले. कल्याणला पोहोचायला त्यांना अजून दीड तास लागणार होता.

टेक्निशियन एप्रन काढत माझ्याकडे आली. "मॅडम, शेवटी चार होता. सात नव्हता."

"तेरावीपासूनच्या राहिल्या का?"

"पाच राहिल्या. डॉक्टर म्हणाल्या, सीरम ठेव, मंगळवारी कर."

मी घरी आले तेव्हा नवऱ्याने विचारलं, सफाई झाली का. मी म्हणाले, अर्धी. जेवले आणि झोपले. झोप चांगली लागली, हेही सांगते. थकलेल्या माणसाला अपराधीपणाही जागं ठेवत नाही.

रविवारी सुट्टी असून मी साडेसातला पेढीत होते. आधी अख्ख्या डेटाबेसची नवी प्रत घ्यायला लावली, कारण खिंडाराच्या आधीची प्रत आता पुढे काही कामाची नव्हती. ती चालू असताना पाठवणारी स्क्रिप्ट उघडली आणि माझ्या चार ओळी काढल्या. तुकडा डोंबिवलीत पोहोचला, पूर्ण आकाराचा पोहोचला, तरच 'झालं'. नाहीतर 'नाही'. शुक्रवारभराचे सव्वीस तुकडे सर्व्हरने स्वतःकडे धरून ठेवले तरी डिस्कवर चार दिवसांचे मावतील एवढी जागा होती. ती तीन वर्षांपूर्वीही होती. मी मोजली नव्हती.

मग यादीतलं तिसरं काम खोडलं.

आठ वाजता दारात आवाज झाला. वडील पेटी घेऊन आले होते. काउंटरवरच्या माणसाने पिशवी दिली, सही घेतली. मी आतूनच ऐकलं. बाहेर गेले नाही, हातातलं काम अर्धं होतं.

ते गेल्यावर मी रॅकच्या मागे जाऊन डोंबिवलीच्या लाइनची केबल काढली आणि फोन टेबलावर ठेवला. दहा मिनिटांनी तो थरथरला. तुकडा पोहोचला नाही. पुन्हा थरथरला. मी सर्व्हरवर बघितलं. मूळ तुकडा जागेवर होता, सोडलेला नव्हता. तिसऱ्यांदा थरथरल्यावर केबल परत लावली, तुकडा डोंबिवलीत गेल्याची ओळ बघितली आणि कालच्या जाळ्या पुसायला घेतल्या.